‘ला’ लागला की डाटिव? एका नर्सच्या जर्मन व्याकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातली विद्यार्थिनी मूळची सिंधुदुर्गातली. नर्सिंगचं शिक्षण घेऊन ती कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात काम करत होती आणि जर्मनीत नर्स म्हणून जाण्याची तयारी करत होती. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत. वर्गात आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो, इथेही तसंच म्हणते.

जर्मनीत परदेशी नर्सच्या पदवीला मान्यता मिळवायला साधारणपणे बी२ पातळीची भाषा लागते. त्याआधीची पायरी बी१. सिस्टर माझ्याकडे जर्मन शिकायला आल्या तेव्हा त्यांनी बी१ची परीक्षा एकदा दिलेली होती. या परीक्षेचे वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण लागतात आणि राहिलेला भाग स्वतंत्रपणे पुन्हा देता येतो. सिस्टरांचे तीन भाग सुटले होते, लेखन राहिलं होतं.

आधीच्या वर्गात त्या इंग्रजीतून जर्मन शिकल्या होत्या. शाळा मराठी माध्यमाची, नर्सिंगची पुस्तकं इंग्रजी, घरी मालवणी आणि वॉर्डात कोल्हापुरी मराठी, अशी त्यांची भाषेची जडणघडण. व्याकरणाचं नाव काढलं की त्या वहीतला चार विभक्त्यांचा तक्ता उघडायच्या. तो त्यांना तोंडपाठ होता. वाक्य लिहायची वेळ आली की मात्र त्याचा काही उपयोग होत नसे.

अडचण नेमकी कुठे होती

मी त्यांच्याकडून सरावाचे जुने कागद मागवून घेतले. लाल शाईने भरलेले ते कागद वरवर पाहिले तर सगळीकडेच चुका दिसत होत्या. एकसारख्या चुका एकत्र ठेवल्यावर त्या तीनच प्रकारच्या निघाल्या.

पहिला प्रकार: ‘मी चहा पिते’ हे वाक्य त्या ‘इश ट्रिंके डेर टे’ असं लिहायच्या. टे म्हणजे चहा हा जर्मनमध्ये पुल्लिंगी, आणि कर्म म्हणून आला की त्याचं उपपद, म्हणजे नामाआधी येणारा इंग्रजी ‘द’सारखा शब्द, डेर न राहता डेन होतं. मराठीत ‘चहा’ला इथे कुठलाच प्रत्यय लागत नाही. जिथे मराठीत प्रत्यय नाही तिथे जर्मनमध्ये मूळ रूप, असा हिशोब मनात आपोआप होत होता.

दुसरा प्रकार याच्या उलटा होता. ‘मी पेशंटला उठवते’ याचं त्यांनी ‘इश वेके डेम पाट्सिएंटन’ केलं होतं. हवं होतं ‘डेन पाट्सिएंटन’. मराठीत ‘ला’ दिसला की त्या डाटिव, म्हणजे जर्मनमधली चतुर्थी, लावत होत्या, कारण ‘मी पेशंटला गोळी देते’ यातला ‘ला’ खरोखरच डाटिव असतो आणि तेच उदाहरण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

तिसरा प्रकार लिंगाचा, आणि तो मला जास्त बोलका वाटला. श्प्रिट्से म्हणजे इंजेक्शन हा शब्द त्या कधी पुल्लिंगी धरायच्या, कधी स्त्रीलिंगी. कारण विचारलं तर वही उघडून म्हणाल्या, “मॅडम, इथे बघा ना, ‘मिट डेर श्प्रिट्से’ लिहिलंय. डेर म्हणजे तोच की.” त्यांचा तर्क सरळ होता. पण जर्मनमध्ये डेर हे पुल्लिंगी प्रथमेचं उपपद आहे, तसंच स्त्रीलिंगी डाटिवचंही. मिट म्हणजे ‘बरोबर, ने’, आणि त्याच्यापुढे नेहमी डाटिव येतो. म्हणून मूळची ‘डी श्प्रिट्से’ तिथे ‘डेर श्प्रिट्से’ झाली होती. लिंग ओळखायला त्या उपपदाकडे पाहत होत्या आणि उपपद तर विभक्तीप्रमाणे रूप बदलत होतं.

समोर असलेले पर्याय

तक्ता पुन्हा घोटून घेणं हा पहिला पर्याय. तक्ता त्यांना येतच होता, त्यामुळे तो लगेच सोडला.

दुसरा पर्याय तयार वाक्यं पाठ करून घेण्याचा. लेखनाचा एकच भाग राहिला आहे, मित्राला पत्र, मत मांडणं, औपचारिक विनंती हे प्रश्न ठरलेले आहेत, मग साचे पाठ करून परीक्षा काढता येते. काही विद्यार्थ्यांना मी हे सुचवतेही. सिस्टरांच्या बाबतीत ते पटलं नाही. पुढे बी२ होतं, आणि त्याच्याही पुढे वॉर्डातल्या नोंदी. कोणाला काय दिलं आणि कोणाला काय केलं हे तिथे दर पाळीला नव्याने लिहावं लागतं.

तिसरा पर्याय मराठी व्याकरणातल्या विभक्त्या जर्मनवर बसवण्याचा: प्रथमा म्हणजे नोमिनाटिव, द्वितीया म्हणजे आकुझाटिव, चतुर्थी म्हणजे डाटिव, षष्ठी म्हणजे गेनिटिव. दिसायला हे फार देखणं आहे आणि बरेच शिक्षक इथूनच सुरुवात करतात. पण शाळेतला तक्ता आठवून पाहा. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. जिथे सिस्टर अडत होत्या नेमक्या तिथेच मराठीतले दोन कप्पे सारखे दिसतात. त्यात भर म्हणजे निर्जीव कर्माला मराठीत बहुधा प्रत्ययच लागत नाही. नावं जुळवून प्रश्न सुटत नव्हता, तो फक्त मराठी नावाने विचारला जात होता.

चौथा पर्याय मी निवडला. प्रत्ययांची जुळवाजुळव सोडायची आणि मराठी बोलणारा माणूस विचार न करता जे बरोबर करतो ते शोधायचं. कर्म कोणतं आणि ज्याला मिळालं तो कोण, हे मराठी भूतकाळातलं क्रियापद स्वतःहून सांगतं. नामाच्या जागी सर्वनाम आलं की त्याचं रूप कसं बदलतं, हे मराठी माणसाच्या तोंडात बसलेलं असतं. या दोन गोष्टींवर उभं राहायचं ठरवलं.

पहिला निर्णय: लिंगाची खूण उपपदापासून तोडली

शब्दांच्या वहीत डेर, डी, दास लिहिणं बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक जर्मन शब्दाआधी तो, ती, ते लिहायचं: ती श्प्रिट्से, ती टाब्लेटे म्हणजे गोळी, तो टिश म्हणजे टेबल, ते बेट म्हणजे पलंग. विभक्ती कुठलीही असो, वहीतला ‘ती’ बदलत नाही. ‘मिट डेर श्प्रिट्से’ दिसलं तरी वही सांगते की ही ‘ती’च आहे, मग डेर हे डाटिवचं.

इथे एक सावधगिरी लागते. हा ‘ती’ जर्मन शब्दाचा आहे, त्याच्या मराठी अर्थाचा नाही. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली, “मॅडम, सूर्य तर तो. झोनेला ती कसं म्हणू?” उत्तर असं की सूर्य तो आणि झोने ती, चंद्र तो आणि मोंडही तो. चमचा तो आणि ल्योफलही तो, पण काटा तो असून गाबल ती, आणि सुरी ती असून मेसर ते. मराठीवरून जर्मन लिंगाचा अंदाज बांधायचा नाही. मराठीने आपल्याला दिलं आहे ते वेगळंच: निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, ते तीन प्रकारचं असतं, आणि ते शब्दाबरोबरच लक्षात ठेवायचं असतं, ही सवय. हिंदी बोलणाऱ्याला तिसरं लिंग नवीन शिकावं लागतं. आपल्याला ते बाळपणापासून येतं.

शेवटाच्या अक्षरांवरून लिंग ओळखण्याची सवयही आपल्याला आहेच. ‘आ’ने संपणारा घोडा तो, ‘ई’ने संपणारी भाकरी ती, आणि तरी पाणी ते, हत्ती तो, हे कोणी शिकवावं लागत नाही. जर्मनमध्ये ‘उंग’ने संपणारी नामं, जसं बेहांडलुंग म्हणजे उपचार किंवा उंटरझूखुंग म्हणजे तपासणी, ती असतात. ‘ए’ने संपणारी नामं बहुतेक ती, पण आउगे म्हणजे डोळा ते. नियमही अपवादांसह आत्मसात होतात, हे मराठी माणसाला नवीन नाही.

मेडशन म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि त्यावर नवे विद्यार्थी नेहमी अडतात. ‘शन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय, आणि तो लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होतं. मराठीत लेकरू, पाखरू, वासरू, कोकरू या शब्दांतला ‘रू’ पाहा. लहान जीव, आणि सगळी ‘ते’. सिस्टरांना तर एवढंही सांगावं लागलं नाही. घरी मालवणीत चेडू म्हणजे मुलगी नपुंसकलिंगीच. त्या हसून म्हणाल्या, “आमच्याकडे असंच बोलतात,” आणि मेडशनचा प्रश्न तिथेच संपला.

दुसरा निर्णय: सर्वनामाच्या वाटेने डाटिव

डाटिवची रूपं त्यांना पाठ होती, पण ती कशी बनतात ते डोळ्यांपुढे येत नव्हतं. म्हणून मी फळ्यावर आधी फक्त मराठी लिहिलं: तो, त्याला. ते, त्याला. ती, तिला. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग ‘ला’ लागताच एक होतात, स्त्रीलिंग वेगळं राहतं. अनेकवचनात ते, त्या आणि ती ही तिन्ही ‘त्यांना’त विरून जातात.

मग जर्मन लिहिलं. एर म्हणजे तो, त्याला म्हणजे ईम. एस म्हणजे ते, त्याला म्हणजे ईम. झी म्हणजे ती, तिला म्हणजे ईर. अनेकवचनात सगळ्यांना ईनन. उपपदंही याच वळणाने जातात: पुल्लिंगी डेम, नपुंसकलिंगी डेम, स्त्रीलिंगी डेर, अनेकवचनी डेन. त्यामुळे ‘त्याला’ म्हणावंसं वाटलं की ‘म’, ‘तिला’ म्हणावंसं वाटलं की ‘र’. सिस्टर हे म्हणत म्हणतच लिहायला लागल्या.

हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘तस्मै’ आठवत असेल. तेही पुल्लिंगात आणि नपुंसकलिंगात सारखंच, आणि स्त्रीलिंगात ‘तस्यै’. डेममधला ‘म’ आणि तस्मैमधला ‘म’ एकाच जुन्या रूपातून आलेले आहेत. हे मी वर्गात दोन मिनिटांपलीकडे सांगत नाही, पण ज्यांना संस्कृत येतं त्यांना याने बराच आधार मिळतो.

विशेषणाचं दुखणं याच वाटेने बरंच हलकं झालं. मराठीत म्हातारा माणूस, म्हातारी बाई, जुनं घर, पण प्रत्यय लागला की म्हाताऱ्या माणसाला, म्हाताऱ्या बाईला, जुन्या घराला. विशेषणातला लिंगभेद पुसला जातो आणि सगळीकडे एकच ‘या’ उरतो. जर्मनमध्ये निश्चित उपपदानंतरच्या डाटिवमध्ये हेच होतं: डेम आल्टन मान, डेर आल्टन फ्राउ, डेम आल्टन हाउस. तिन्ही लिंगांना ‘अन’. मराठीतल्या ‘या’च्या जागी जर्मन ‘अन’ असं सांगितल्यावर डाटिवमधल्या विशेषणाच्या चुका जवळजवळ थांबल्या. उपपद नसेल तर हा नियम चालत नाही, तिथे विशेषणालाच ‘म’ आणि ‘र’ उचलावे लागतात. तो भाग मी तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला.

पाट्सिएंट हा शब्द तर सिस्टरांच्या रोजच्या वापरातला. जर्मन नाम सहसा स्वतः बदलत नाही, त्याच्याआधीचा शब्द बदलतो. पण काही पुल्लिंगी नामं प्रथमा सोडून सगळीकडे ‘अन’ घेतात: डेर पाट्सिएंट, पण डेन पाट्सिएंटन, डेम पाट्सिएंटन. इतर भाषक इथे गोंधळतात. आपल्याकडे घोडाचा घोड्या होतो, माणूसचा माणसा होतो, आणि मगच ‘ला’ लागतो. हे सामान्यरूप आहे एवढं म्हटलं की पुढे समजावायला काही उरत नाही.

तिसरा निर्णय: ‘ला’ची परीक्षा

मुख्य गाठ इथे होती. वाक्यात ‘पेशंटला’ आलं, तर डेन की डेम?

मी सिस्टरांना सांगितलं की जर्मन वाक्य लिहिण्याआधी तेच वाक्य मराठीत भूतकाळात म्हणा आणि क्रियापद कोणाच्या लिंगाप्रमाणे चालतंय ते ऐका. ‘मी पेशंटला गोळी दिली.’ दिली कोण? गोळी. ‘मी पेशंटला चमचा दिला.’ दिला कोण? चमचा. ज्याच्याप्रमाणे क्रियापद बदलतं ते कर्म, म्हणजे आकुझाटिव. उरलेला ‘ला’वाला डाटिव. याला शाळेत कर्मणी प्रयोग म्हणतात. नाव आठवलं नाही तरी चालतं, कान पुरेसा असतो.

आता ‘मी पेशंटला उठवलं.’ इथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. पेशंट बाई असो की पुरुष, ‘उठवलं’च राहतं. याला भावे प्रयोग म्हणतात. वाक्यात दुसरं कर्म नाही, म्हणजे ‘ला’ घेऊन आलेला पेशंटच कर्म आहे. पेशंट सजीव आहे म्हणून मराठीने त्याला ‘ला’ लावला, एवढंच. तेव्हा आकुझाटिव: इश हाबे डेन पाट्सिएंटन गेवेक्ट.

एक फट मात्र राहत होती. ‘मी पेशंटला सांगितलं.’ इथेही क्रियापद ‘लं’वर थांबतं, पण जर्मनमध्ये सांगणं डाटिव घेतं. म्हणून दुसरा प्रश्न जोडला: क्रियापदाला ‘काय?’ असं विचारता येतं का? काय सांगितलं, हे विचारता येतं, ‘पेशंटला बातमी सांगितली’ असं म्हणताही येतं. कर्माची जागा आहे, फक्त ती रिकामी आहे. मग ‘ला’ डाटिव. ‘पेशंटला उठवलं’ला ‘काय उठवलं’ विचारता येत नाही. मग ‘ला’ आकुझाटिव.

एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहू: ‘मी म्हाताऱ्या पेशंटला गोळी दिली.’ दिली गोळी, म्हणून गोळी आकुझाटिव. वहीत ती टाब्लेटे, आणि स्त्रीलिंगाचं उपपद आकुझाटिवमध्ये बदलत नाही, म्हणून डी टाब्लेटे. उरला पेशंट, तो डाटिव. पेशंट ‘तो’, त्याला, म्हणून ‘म’: डेम. विशेषणाला ‘या’ लागलाय, म्हणून आल्टन. नाम सामान्यरूपात, म्हणून पाट्सिएंटन. पूर्ण वाक्य: इश हाबे डेम आल्टन पाट्सिएंटन डी टाब्लेटे गेगेबन. सुरुवातीला सिस्टर हा सगळा प्रवास समासात पेन्सिलीने लिहायच्या. काही आठवड्यांनी समास कोरे राहू लागले.

या परीक्षेने एक अनपेक्षित फायदा दिला. जर्मनमधली हेल्फन आणि आंटवोर्टन ही क्रियापदं एकच माणूस घेतात आणि तरी डाटिव मागतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती वेगळी पाठ करावी लागतात. मराठीत आपण म्हणतो ‘पेशंटला मदत केली’ आणि ‘पेशंटला उत्तर दिलं’. केली मदत, दिलं उत्तर. कर्माची जागा भरलेली आहे, म्हणून पेशंट डाटिव. आपोआप बरोबर. ‘मला हे घर आवडतं’ आणि ‘मला थंडी वाजते’ यांचा ‘मला’ही जर्मन गेफालनमध्ये आणि ‘मिर इस्ट काल्ट’मध्ये जसाच्या तसा उतरतो.

परीक्षा जिथे फसली

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिस्टरांच्या लिखाणात नव्या चुका दिसायला लागल्या, आणि त्या नियम नीट पाळल्यामुळे झालेल्या होत्या. ‘मी तिला फोन केला’: केला फोन, म्हणून तिला डाटिव, म्हणून त्यांनी ‘ईर’ लिहिलं. जर्मनमध्ये आनरूफन आकुझाटिव घेतं, तिथे ‘झी’ हवं. ‘मी पेशंटला प्रश्न विचारला’: फ्रागन आकुझाटिव घेतं. ‘मी पेशंटला आंघोळ घातली’: मराठीत आंघोळ हे कर्म, पण जर्मन वाशनमध्ये पेशंटच कर्म.

मदत करण्यात परीक्षा चालते आणि फोन करण्यात चालत नाही, याचं समाधानकारक कारण मला विद्यार्थ्याला देता येत नाही. कारण शोधत बसण्यापेक्षा यादी करणं बरं. आम्ही दोन याद्या केल्या. एकीत फोन, प्रश्न आणि आंघोळ, म्हणजे परीक्षा डाटिव सांगते पण हवा आकुझाटिव. दुसरीत जिथे मराठीत षष्ठी येते आणि जर्मनमध्ये डाटिव हवा ती क्रियापदं: ‘त्याचे आभार मानले’ म्हणजे डांकन, ‘हे त्याचं आहे’ म्हणजे गेह्योरन, ‘त्याच्या मागे गेले’ म्हणजे फोल्गन.

आणखी एक मर्यादा मराठीच्याच बाजूची आहे. पिणे, शिकणे, विसरणे, भेटणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात. ‘मी चहा प्यायले’ म्हणताना क्रियापद चहाचं काहीच सांगत नाही. तिथे त्याच अर्थाचं दुसरं क्रियापद घ्यायचं. चहा ‘घेतला’ म्हटलं की कर्म लगेच उघडं पडतं. आणि कर्म पुल्लिंगी एकवचनी असेल तर डेरचा डेन करायचा. जर्मन आकुझाटिवमध्ये उपपद बदलतं ते एवढ्या एकाच जागी, आणि याला मराठीत आधार नाही. ते पाठच करायचं.

‘मला ताप आहे’ यानेही एकदा घोटाळा केला. थंडीचा ‘मला’ डाटिव होतो म्हणून तापाचाही त्यांनी केला. जर्मनमध्ये ताप ‘असतो’ तो माझ्याकडे, मीच कर्ता: इश हाबे फीबर. भूक आणि तहानही तशाच.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत मराठीचा उपयोग नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. पेशंटसाठी, पेशंटबरोबर, पेशंटशिवाय, सगळीकडे आपलं सामान्यरूप सारखंच. जर्मन मात्र फ्यूरला आकुझाटिव लावतं आणि मिटला डाटिव. ‘टेबलावर ठेवलं’ आणि ‘टेबलावर आहे’ यांत आपलं ‘टेबलावर’ बदलत नाही. जर्मनमध्ये पहिलं ‘आउफ डेन टिश’, दुसरं ‘आउफ डेम टिश’. तिथे क्रियापदाकडे पाहायचं: वस्तू तिथे नेली की ती तिथे आहे?

परिणाम

सिस्टरांनी लेखनाचा भाग पुन्हा दिला आणि त्या उत्तीर्ण झाल्या. मला त्यांच्या सरावाच्या कागदांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. डेन आणि डेमची अदलाबदल फार कमी झाली, ‘मिट डेर’वरून लिंग चुकणं थांबलं, विशेषणं बहुतेक बरोबर येऊ लागली. लिंगाच्या चुका कमी झाल्या तरी संपल्या नाहीत. हजारो शब्दांचं लिंग पाठ व्हायला वेळ लागतो आणि कुठलीही पद्धत तो वेळ वाचवत नाही.

बोलताना सुधारणा त्या मानाने कमी झाली. वाक्य आधी मराठीत भूतकाळात म्हणून पाहायला लिहिताना सवड असते, समोर माणूस उभा असताना नसते. घाईत ‘ईर’ आणि ‘झी’ची अदलाबदल त्यांच्याकडून अजून होते, विशेषतः फोनचं वाक्य असलं की.

वेगळं काय करता येईल

पुढच्या गटाबरोबर मी क्रम बदलला. सर्वनामं आधी आणि उपपदं नंतर. त्याला, तिला, ईम, ईर हे तोंडी पक्कं झाल्यावरच डेम आणि डेरकडे वळायचं. सिस्टरांना तक्ता आधीच पाठ होता, म्हणून त्यांच्याबरोबर हे करता आलं नाही.

अपवादांच्या दोन्ही याद्या ‘ला’च्या परीक्षेबरोबर त्याच दिवशी देणं हिताचं आहे. नियम महिनाभर एकटा राहिला की तो नको तिथेही घट्ट बसतो, आणि ‘ईर’ची सवय मोडायला मग दुप्पट कष्ट पडतात. याद्या विद्यार्थ्याच्या कामाप्रमाणे असाव्यात. नर्सच्या यादीत वाशन हवंच, स्वयंपाक शिकायला जाणाऱ्या मुलाच्या यादीत त्याची तेवढी घाई नाही.

लिहिण्याची पद्धत बोलण्यात उतरवायची असेल तर काही क्रियापदं माणसासकट जोडीने पाठ करावी लागतात: ‘ईम हेल्फन’, ‘ईन फ्रागन’, ‘ईन आनरूफन’. तिथे परीक्षा न वापरता कानाची सवय वापरायची. बी२च्या तयारीत सिस्टर सध्या हेच करत आहेत. वॉर्डात दिवसभर लागणारी क्रियापदं त्यांनी स्वतः निवडली आणि प्रत्येकाला ईम किंवा ईन जोडून एका कागदावर उतरवली. उपपदाशिवायच्या विशेषणाचा जो भाग बाजूला ठेवला होता, तो आता सुरू केला आहे.